आप्पांचा शेवटचा दिवस रविवारी, तुमची गाडी आठ दिवस आधी

ताई नमस्कार. आमच्या शाखेतले आप्पा ३१ मे ला रिटायर होतायत. ३१ ला रविवार आहे म्हणून निरोप समारंभ शुक्रवारी २९ ला ठेवलाय. पण मी २३ ला आईबाबांना घेऊन काशीला निघतेय, अधिक महिना आहे, तिकिटं कधीच काढलेली, ऑफिसला परत ३ जूनलाच. २०१४ ला मी नवीन लागले तेव्हा माझं पहिलं पगार बिल कोषागारातून आक्षेप लागून परत आलं होतं, तेव्हा आप्पा रात्री आठपर्यंत माझ्या शेजारी बसून पेन्सिलीने एकेक आक्षेप समजावत होते, त्यांची ओझरची गाडी चुकली त्या दिवशी. आता मेसेज आधीच पाठवू का ३१ ला आपोआप जाईल असा लावून ठेवू? एक मैत्रीण म्हणते आधी निरोप देऊ नये, घालवून दिल्यासारखं वाटतं. मी लिहिलंय ते असं: 'आदरणीय आप्पा, आज आपण प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त होत आहात. आपल्या जाण्याने शाखेत कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. आपली उणीव सदैव भासेल. आपणास भावपूर्ण निरोप.' ठीक आहे का?
— त्र्यंबक रोडवरच्या एका सरकारी ऑफिसातून

आधीच द्या. आणि पाठवू नका, हातात द्या, २२ तारखेला शुक्रवारी, कागदावर लिहून. मेसेज मात्र हा नको, त्याचं का ते पुढे सांगते.

मी आस्थापना शाखेत वीस वर्षं काढलीत, रिटायरमेंटच्या ऑर्डरी टाईप करण्यापासून शाल-श्रीफळाची वर्गणी गोळा करण्यापर्यंत सगळं केलंय, त्यामुळे या तारखांच्या घोळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. ऑर्डरीत काय लिहिलेलं असतं बघा, 'नियत वयोमानानुसार दिनांक ३१ मे २०२६ रोजी मध्यान्होत्तर सेवानिवृत्त'. म्हणजे रविवार असो नाहीतर अजून काही, आप्पा ३१ च्या दुपारनंतरपर्यंत नोकरीतच आहेत. पण पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून शनिवारही सुट्टीचा, त्यामुळे ३० ला शनिवार, ३१ ला रविवार, आणि खुर्चीवर बसायचा खरा शेवटचा दिवस २९ चा शुक्रवार. कागदावरचा दिवस वेगळा आणि माणसांमधला दिवस वेगळा. तुमचा तर तिसराच, २२ मे, कारण आप्पा आणि तुम्ही एकाच शाखेत समोरासमोर बसाल असा शेवटचा दिवस तो आहे. निरोप द्यायचा तो या तिसऱ्या दिवशी. ३१ तारीख आस्थापनेसाठी महत्त्वाची आहे, पेन्शनच्या कागदांसाठी महत्त्वाची आहे, तुमच्या दोघांच्यात त्या तारखेला काहीच घडणार नाहीये, ते ओझरला घरी आणि तुम्ही घाटावर.

आणि मे महिन्याच्या ३१ तारखेचं एक वेगळंच आहे. आपल्याकडे त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून जन्मतारीख लावून टाकली, आणि नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. त्यात मे मध्ये खरोखर जन्मलेले वेगळेच. म्हणून ३१ मे ला प्रत्येक ऑफिसात एक नाही, तीन-चार माणसं एकदम जातात. तुमच्या २९ च्या कार्यक्रमात पण आप्पा एकटे नसणार बहुतेक. मग काय होतं, एक माईक, एक टेबल, चार शाली, चार नारळ, प्रत्येकाबद्दल साहेब दोन-दोन मिनिटं बोलतात आणि दोन वाक्यं चौघांनाही सारखीच असतात, आणि फोनवर त्या दिवसात फुलांचे, दिव्यांचे, तयार इमेजवाले मेसेज इतके येतात की माणूस नुसते हात जोडलेले पाठवत सुटतो. तुम्ही ३१ ला लावून ठेवलेला मेसेज त्या ढिगात जाऊन पडेल. २२ ला दिलेला कागद एकटा असेल. आप्पा तो घरी नेऊन सावकाश वाचतील, आणि मुख्य म्हणजे त्यांना उत्तर द्यायला संधी मिळेल, निदान तेव्हाच समोरासमोर चार शब्द बोलता येतील.

उशीर करून अगदी निघायच्या वेळेला, सव्वासहाला, बॅग खांद्याला लावून देऊ नका पण. शुक्रवारी दुपारी डबा खाऊन झाल्यावर द्या.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. आठ-दहा दिवस आधी कुणी आपल्याला 'आपण आज निवृत्त होत आहात' म्हणून निरोप दिला तर खरंच घालवून दिल्यासारखं वाटतं, त्या माणसाच्या टेबलावर अजून फाईली असतात, चार्ज यादी अर्धी झालेली असते, ना-देय दाखले गोळा करत तो या शाखेतून त्या शाखेत फिरत असतो. पण यात चूक आधी देण्याची नाहीये, कोण जातंय हे उलटं लिहिण्याची आहे. २२ तारखेला आप्पा कुठेच जात नाहीयेत. जाताय तुम्ही. मग पत्र तसंच सुरू करा, 'मी उद्या निघतेय, २९ ला नसेन, म्हणून आजच लिहितेय'. एवढ्या एका वाक्याने सगळं जागेवर येतं. आप्पांना कुणी घाईने काढलं नाही, तुम्ही तुमच्या प्रवासाला निघताना मोठ्या माणसाला सांगून निघालात, जे आपण घरातनं निघताना पण करतोच. आणि घरातनं निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. पत्राच्या शेवटी तेच लिहा.

किती आधी चालेल असं पण बऱ्याच जणी विचारतात. माझा अंदाज असा की पंधरा दिवसांच्या आत. महिनाभर आधी दिलं की वाचून झाल्यावर परत रोज एकत्र काम, रोज एकत्र चहा, आणि दोघांनाही अवघडल्यासारखं, की आता निरोप झालाय तर काय बोलायचं. तुमच्यात ते होणार नाही कारण दिल्यावर दुसऱ्याच दिवशी तुमची गाडी आहे.

लावून ठेवलेल्या मेसेजबद्दल माझा स्वतःचा अनुभव आहे आणि तो मला अजून लागतो. २०१९ चा जून, ३० तारखेला रविवार होता. आमच्या ऑफिसातल्या एक मॅडम रिटायर होत होत्या, माझ्यापेक्षा सीनियर, माझ्या बाळंतपणात माझं काम त्यांनी ओढलं होतं. मी रजेवर गावी जाणार होते. जीमेलमध्ये ते Schedule send तेव्हा नुकतंच आलं होतं, मला वाटलं छान सोय झाली, मी मोठं पत्र लिहिलं, 'आज तुमचा शेवटचा दिवस' असं सुरू केलं आणि रविवारी सकाळी दहाला जाईल असं लावलं. मेल बरोबर गेला, वेळेवर गेला, फक्त मी तो त्यांच्या ऑफिसच्या आयडीवर लावला होता कारण माझ्याकडे तोच होता. तेव्हा शनिवारचं ऑफिस असायचं. मॅडमनी २९ ला शनिवारी चार्ज देताना पासवर्ड लिहून दिला आणि घरी गेल्या. सोमवारी त्या खुर्चीवर बसलेल्या मुलाने मेल उघडला, आपल्यासाठी नाही हे बघून बंद केला, त्याची काय चूक. मला काही कळलंच नाही. दिवाळीत गंगापूर रोडला भेटल्या तेव्हा अगदी सहज म्हणाल्या, 'तू काहीच बोलली नाहीस गं.' त्यांनी राग म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी फोनवर उघडून दाखवला मेल, त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून वाचला, पण चार महिने त्यांच्या मनात ते राहिलंच ना.

म्हणून लावून ठेवायचंच असेल कुणाला, म्हणजे ज्यांना हातात देणं शक्यच नाही, माणूस दुसऱ्या गावच्या ऑफिसात आहे वगैरे, तर त्यांच्या घरच्या, खाजगी मेलवर लावा. पत्ता आधी विचारून घ्या आणि एक साधा टेस्ट मेल टाकून 'मिळाला का' विचारा. फोनवर जीमेलमध्ये मेल लिहिला की वरच्या तीन टिंबात Schedule send येतं, तारीख-वेळ निवडायची, मग तो Scheduled नावाच्या फोल्डरमध्ये बसून राहतो आणि तुमचा फोन बंद असला तरी जातो. तारीख बदलली तर तिथूनच रद्द करता येतो. व्हॉट्सॲपसाठी बाहेरची ॲपं मिळतात ती मात्र नको, ती तुमच्या फोनच्या स्क्रीनचा सगळा ताबा मागतात, वर फोन लॉक असला किंवा गाडीत नेट नसलं की मेसेज तसाच अडकतो आणि तुम्हाला वाटतं गेला. आणि ऑफिसच्या ग्रुपवर ३१ ला टाकू म्हणत असाल तर तेही बघा, बरेच लोक शुक्रवारी संध्याकाळीच ग्रुप सोडतात.

ज्या मेलमध्ये 'आज' लिहिलंय तो लावून ठेवताना अजून एक धोका असतो. 'आज' म्हणजे कुठला दिवस हे तुम्ही लिहिताना वेगळं असतं आणि वाचताना वेगळं. प्रायव्हेट नोकरीत तर हे नेहमीच होतं, नोटीस पिरियडमधल्या उरलेल्या रजा धरल्या की माणूस चार दिवस आधीच सुटतो किंवा हँडओव्हर झालं नाही म्हणून आठवडा वाढवतात, आणि लावलेला मेल मात्र ठरलेल्या तारखेलाच 'आज तुमचा शेवटचा दिवस' म्हणत जातो. आप्पांची तारीख पक्की आहे, पण तरी जी तारीख लिहाल ती लिहिण्याच्या दिवसाचीच टाका, वर उजवीकडे, २२ मे २०२६.

आता तुमचा मजकूर. मी तो मोठ्याने वाचला. तुम्ही पण एकदा वाचून बघा, फक्त 'निवृत्त होत आहात' झाकून. 'आपल्या जाण्याने', 'कधीही न भरून येणारी पोकळी', 'उणीव सदैव भासेल', 'भावपूर्ण'. चौकातल्या फ्लेक्सवर, पेपरच्या आतल्या पानावर चौकटीत हेच शब्द असतात आणि वर फोटोला हार असतो. तुमच्या मनात तसं काही नाही हे मला माहीत आहे, पण निरोपाचे आणि श्रद्धांजलीचे शब्द आपल्याकडे इतके एकमेकांत मिसळलेत की लक्षात येत नाही, आणि ५८ वर्षांच्या धडधाकट माणसाला, ज्याला आता घरचे म्हणतील 'झालं आता, आराम करा', त्याला हे वाचून आतून कसंतरीच होतं. मला स्वतःला झालं होतं. त्यामुळे 'जाण्याने' नाही, 'पोकळी' नाही, 'भावपूर्ण' तर अजिबात नाही. 'आपण' पण काढा, तुम्ही रोज आप्पांना 'तुम्ही' म्हणता, कागदावर एकदम 'आपण' झालं की तो सर्क्युलर वाटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आप्पांनी तुमच्यासाठी काय केलं ते तुम्ही मला लिहिलंत, त्यांना लिहिलंच नाही! पगार बिल, आक्षेप, पेन्सिल, चुकलेली गाडी, हे सगळं माझ्या पत्रात आहे आणि त्यांच्या मेसेजमध्ये 'प्रदीर्घ सेवा'. उलटं व्हायला हवं. त्यांना बहुतेक ते आठवतही नसेल, करणाऱ्याला आठवत नाही. म्हणून तर सांगायचं. एकच प्रसंग, पण पूर्ण. पाच गुण मोजत बसू नका, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष वगैरे, ते माईकवरून साहेब म्हणतीलच.

साधारण असं होईल, शब्द तुमचे घाला:

'आप्पा, नमस्कार. मी उद्या आईबाबांना घेऊन काशीला निघतेय, २९ च्या कार्यक्रमाला नसेन, म्हणून आजच लिहितेय. २०१४ ला माझं पहिलं पगार बिल आक्षेप लागून परत आलं होतं आणि मला वाटलं होतं की ही नोकरी आपल्याला जमणार नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि पेन्सिलीने एकेक आक्षेपासमोर उत्तर कसं लिहायचं ते दाखवलंत. आठ वाजले, तुमची ओझरची गाडी गेली. मला ते तेव्हा बोलता आलं नाही. आज बिल परत आलं की मी आधी पेन्सिल घेते, आणि नवीन मुलीला पण तेच शिकवलंय. ३ जूनला मी ऑफिसला येईन तेव्हा तुम्ही समोर नसाल याची सवय व्हायला वेळ लागेल. पावसाळ्यात एखाद्या रविवारी आईला घेऊन ओझरला येते, काकूंना सांगून ठेवा. काशीहून गंगाजल आणते तुमच्यासाठी. येते.'

बघा यात 'निवृत्त' शब्दसुद्धा आलेला नाही. 'याची सवय व्हायला वेळ लागेल' हे मी मुद्दाम ठेवलंय, कारण दुःख लपवायचं नाहीये, फक्त ते तुमचं म्हणून लिहायचं, त्यांच्यामुळे शाखा ओस पडली असं त्यांच्या डोक्यावर नाही ठेवायचं. ओझरला यायचं लिहिताय तर खरंच जा मात्र, नसेल जमणार तर ते वाक्य काढून टाका, रिटायर झालेला माणूस अशा वाक्याची वाट बघतो. गंगाजलाचंही तसंच.

लिहायला साधा कागद चालेल, रविवार कारंजावरून महाग कार्ड आणायची गरज नाही, कार्डात छापील मजकूर इतका असतो की आपलं लिहायला जागाच राहत नाही. हाताने लिहा, एका पानात संपवा, पाकिटात घाला पण चिकटवू नका. देताना 'नंतर वाचा आप्पा' एवढंच म्हणा, समोर बसून वाचायला लावू नका, शाखेत सगळ्यांसमोर माणसाला अवघड होतं.

निघायच्या आधी दोन कामं उरकून ठेवा, छोटी आहेत. वर्गणी आणि मोठ्या कार्डावरची सही २२ लाच देऊन टाका, नाहीतर २९ ला तुमचं नाव राहतं आणि कुणीतरी तुमच्या वतीने भलतंच लिहून ठेवतं. आणि २९ ला माईकवर तुमचं पत्र वाचून दाखवू का असं कुणी विचारलं तर नको म्हणा. ते त्यांचं आहे. फारच आग्रह झाला तर 'मी बाहेरगावी आहे, आप्पांना माझा नमस्कार सांगा' एवढं एक वाक्य द्या कुणाजवळ तरी.

आता राहिली ३१ तारीख. त्या दिवशी मेसेज नाही केलात तरी चालेल, घरी पाहुणे असतील, जेवण असेल, अधिक महिना म्हणजे लेक-जावई पण आलेले असतील कदाचित धोंड्याच्या जेवणाला. फोन करायचा तो १ जूनला, सोमवारी, सकाळी पावणेदहाला. इतकी वर्षं ज्या वेळेला माणूस मस्टरपाशी असतो, त्या वेळेला तो पहिल्यांदा घरात बसलेला असतो, पेपर वाचून झालेला, चहा दोनदा झालेला, आणि फोन एकदम गप्प, कारण शुभेच्छावाले सगळे रविवारीच संपले आणि ऑफिसवाले आपापल्या कामाला लागले. मी रिटायर झाले तेव्हा त्या सोमवारी मी आंघोळ करून साडी नेसून बसले होते, सवयीने. पावणेदहाला माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीचा फोन आला, तिला एका फाईलीचा जुना संदर्भ हवा होता म्हणाली, पाच मिनिटं बोललो. संदर्भ तिला माहीत होता हे मला नंतर कळलं.

तुम्ही काशीहून करा, घाटावरून, मागे घंटा वगैरे ऐकू येऊ द्या. पत्राचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर ऐकून घ्या.